पानावर आडवा हात

मी पगार विभागात आहे. माणूस आहे तिथे का खूश नाही, हे मला त्याच्या पेस्लिपवरून कळतं. स्वतःबद्दल सांगायचं तर बरं चाललंय. बोरिवलीला घर, गोरेगावला ऑफिस, मधे फक्त कांदिवली आणि मालाड. साहेब बरे आहेत. असं असताना मंगळवारी एका रिक्रूटर मुलीचा मेसेज आला : ‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे! युअर प्रोफाइल इज अ परफेक्ट मॅच. १८ लाख.’

माझं सीटीसी १४ लाख. नको म्हणायचं ठरलेलंच होतं, पण पंगतीत जिलबीला नको म्हणताना आपण पानावर हात आडवा धरतो ना, बोटं जरा फाकवून, तसं नको म्हणायचं होतं. त्यात पाऊण तास गेला. ‘नॉट इंटरेस्टेड’ फारच उद्धट वाटलं. शेवटी लिहिलं, ‘सध्या बदलायचा विचार नाही. तरी फिक्स्ड किती, ऑफिस कुठे आणि आठवड्यातून किती दिवस यायचं, एवढं कळवाल का?’

तिने उलट विचारलं, ‘करंट सीटीसी?’ हा आकडा मी सांगितला नाही. तो एकदा कळला की पुढचा पगार कामावरून ठरत नाही, आपल्याच जुन्या पगारावर टक्के चढवून ठरतो. टक्के चढवणारे आमच्यासारखेच लोक असतात, म्हणून माहीत. ‘तुमचं बजेट सांगा, जमण्यासारखं असेल तर बोलू,’ म्हटलं.

मग १८ लाखांची फोड आली. अडीच लाख व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं वर्ष बरं गेलं तर. एक लाख जॉइनिंग बोनस, तोही वर्षाच्या आत सोडलं तर परत. उरले साडेचौदा, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली. माझ्या १४ मध्येही ती धरलेलीच आहे. म्हणजे खरी वाढ वर्षाला ५० हजार, टॅक्स कापायच्या आधी.

शिवाय इथे माझी पाच वर्षं भरायला सात महिने बाकी आहेत. बेसिक ५० हजार. त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, पाच वर्षांनी गुणा : १ लाख ४४ हजार ग्रॅच्युइटी. आत्ता उठलो तर त्यावर पाणी.

आणि ऑफिस ‘मुंबईत’, म्हणजे महापेला. दादरला उतरून ठाणे, ठाण्याहून घणसोली, पुढे रिक्षा. पाचही दिवस.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, जायचं नाहीये तर एवढा हिशोब कशाला?”

मी सविस्तर, सौजन्यपूर्ण नकार पाठवला. फिक्स्ड १८ आणि गोरेगावच्या आसपास काही निघालं तर जरूर कळवा, ही फट मुद्दाम ठेवली.

उत्तर दोन मिनिटांत आलं. एक अंगठा, आणि ‘कुणी ओळखीचं असेल तर रेफर करा.’

एकदासुद्धा आग्रह नाही. वाढपी जिलबीचं ताट घेऊन सरळ पुढच्या पानावर!