‘ही चूक होती’ की ‘हे चूक होतं’? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “सर्वनाम ज्या नामाबद्दल येतं त्याचं लिंग घेतं, असं तुम्हीच लेखात सांगता. पुढे मात्र लिहिता, ‘त्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही, ही चूक होती, पण तो अपमान नव्हता.’ घटना एकच, मग ती आधी स्त्रीलिंगी आणि लगेच पुल्लिंगी कशी? घटनेला लिंग नसतं. ‘सामान्ये नपुंसकम्’ हे तुम्हाला ठाऊक असणारच. दोन्हीकडे ‘हे’ आणि ‘ते’ हवं होतं. शिवाय तुम्ही ‘ही कारणं’ लिहिलंय, ते ‘हे कारणं’ हवं. व्याकरणावर लिहिताना असं चालत नाही. हा निष्काळजीपणा आहे.”

नमस्कार,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ‘हा निष्काळजीपणा आहे.’ यातला ‘हा’ कशाबद्दल आहे? मी लेखात जे केलं त्या सगळ्याबद्दल. तुमच्या नियमाने ते नपुंसकलिंगी. म्हणजे तुम्ही ‘हे निष्काळजीपणा आहे’ असं लिहायला हवं होतं. लिहिलं नाहीत, कारण तुमची मराठी तुम्ही सांगितलेल्या नियमापेक्षा चांगली आहे. रागात तुम्ही ‘ही हयगय आहे’ किंवा ‘हे दुर्लक्ष आहे’ असंही लिहू शकला असता. माझा अपराध तोच राहिला असता आणि सर्वनाम मात्र तीनदा बदललं असतं.

असं का होतं? ‘हा, ही, हे’ जेव्हा एखाद्या घटनेकडे किंवा अख्ख्या विधानाकडे बोट दाखवतात आणि त्याच वाक्यात तिला एखाद्या नामाने नाव दिलं जातं, तेव्हा सर्वनाम मागे वळून लिंग शोधत नाही. ते पुढच्या नामाचं लिंग घेतं. चूक स्त्रीलिंगी, म्हणून ‘ही चूक’. अपमान पुल्लिंगी, म्हणून ‘तो अपमान’. दुर्दैव असतं तर ‘हे दुर्दैव’ झालं असतं. घटनेला लिंग नसतं हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. पण सर्वनाम इथे घटनेचं लिंग सांगतच नाही, ते तिला दिलेल्या नावाचं लिंग सांगतं.

पडताळा घ्यायचा तर वाक्य भूतकाळात न्या आणि नामाआधी ‘मोठा’ घाला. ‘त्यांनी उत्तर दिलं नाही, ही मोठी चूक होती.’ सर्वनाम, विशेषण, क्रियापद, तिन्ही एका सुरात. आता पहिल्या जागी ‘हे’ बसवून पाहा: ‘हे मोठी चूक होती.’ कानाला लगेच ठेच लागते. वर्तमानकाळातल्या ‘आहे’ला लिंगच नाही, त्यामुळे तिथे गफलत खपून जाते. ‘हे योगायोग नाही’, ‘हे अफवा आहे’ अशी वाक्यं हल्ली सर्रास दिसतात ती त्यामुळेच. ‘हे योगायोग नव्हता’ मात्र असं लिहिणाऱ्यालाही खटकेल.

तुम्ही म्हणाल, घटनेला लिंगच नव्हतं म्हणून सर्वनामाने पुढच्या नामाचा आधार घेतला. तर मग मागे लिंग असलेलं नाम ठेवून बघू. ‘येणं’ हे नाम नपुंसकलिंगी आहे: उशिरा येणं बरं नव्हतं, त्याचं येणं लांबलं. आता ही तीन वाक्यं घ्या. ‘उशिरा येणं हा त्याचा स्वभाव होता.’ ‘उशिरा येणं ही त्याची सवय होती.’ ‘उशिरा येणं हे त्याचं वैशिष्ट्य होतं.’ सर्वनामाच्या अगदी मागे खणखणीत नपुंसकलिंगी नाम उभं आहे, तरी तीनपैकी दोन वाक्यांत सर्वनाम त्याला जुमानत नाही. तिसऱ्यात ‘हे’ आलं तेही ‘येणं’मुळे नव्हे, ‘वैशिष्ट्य’मुळे.

संस्कृताचा दाखला तुम्ही दिलात म्हणून तिथलंच एक उदाहरण. कालिदासाच्या रघुवंशात, पाचव्या सर्गात, ‘शैत्यं हि यत् सा प्रकृतिर्जलस्य’ असा चरण आहे. पाण्याला उष्णता येते ती आग किंवा ऊन यांच्या संगतीने, थंडपणा ही मात्र त्याची मूळ प्रकृती, असा एकूण आशय. यात ‘शैत्यम्’ नपुंसकलिंगी आणि ‘यत्’ त्याच्याशी जुळतं. मग जोडीला ‘तत्’ यायला हवं. आलंय ‘सा’, स्त्रीलिंगी, कारण पुढे ‘प्रकृतिः’ आहे. मी वर मराठीत आशय सांगताना ‘थंडपणा ही प्रकृती’ असंच लिहिलं आणि तुम्ही बहुतेक न अडखळता वाचलंत.

‘सामान्ये नपुंसकम्’ मराठीत नाही असं मात्र मी म्हणत नाही. पुढे नाम नसेल तेव्हा तेच चालतं. ‘हे बरं झालं’, ‘ते मला माहीत होतं’, ‘हे खोटं आहे’. इथे घटनेला नाव दिलेलं नाही. नुसतं विशेषण लावलंय किंवा काहीतरी सांगितलंय. सर्वनामाला धरायला पुढे नाम नाही, म्हणून ते नपुंसकात जातं. ‘हे शक्य आहे’ पण ‘ही शक्यता आहे’. ‘हे खोटं आहे’ पण ‘हा खोटेपणा आहे’.

आणि इथेच तुमच्या आक्षेपाचं मूळ असावं असा मला संशय आहे, कारण ‘चूक’ हा शब्द दोन्ही घरचा आहे. ‘बरोबर’च्या उलट अर्थाने तो विशेषणासारखा वापरतात: हे उत्तर चूक, तो हिशोब चूक. त्यामुळे ‘हे चूक आहे’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. ‘ही चूक आहे’ हेही शुद्ध आहे. पण दोन्ही एक नव्हेत. पहिल्यात ‘साफ’ घालता येतं: ‘हे साफ चूक होतं.’ दुसऱ्यात ‘मोठी’ घालता येतं: ‘ही मोठी चूक होती.’ अदलाबदल करून ‘हे मोठं चूक होतं’ म्हणून बघा, जमत नाही. अर्थातही फरक पडतो. ‘उत्तर न देणं हे चूक होतं’ म्हणणारा त्या कृतीवर निवाडा देतो. तसं करणं योग्य नव्हतं. ‘ही चूक होती’ म्हणणारा ती कृती चुकांच्या खात्यात टाकतो, आणि मग ती हातून नकळत झालेली असू शकते. मला लेखात दुसरं म्हणायचं होतं. म्हणून तर पुढे ‘तो अपमान नव्हता’ आलं. नाव कोणतं द्यायचं याचीच ती चर्चा होती.

नामाला लागूनच ‘हा, ही, हे’ येतात तेव्हा प्रकरण जरा नाजूक होतं. ‘भाषा ही प्रवाही असते’ यात ‘ही’ भाषेची, कारण पुढे फक्त विशेषण आहे. ‘भाषा हे संवादाचं साधन आहे’ यात ‘हे’ साधनाचं. भूतकाळात क्रियापदही साधनाकडे जातं: ‘भाषा हे त्यांचं एकमेव साधन होतं.’ पण मधलं ‘हे’ काढून टाका, की क्रियापद परत भाषेकडे येतं: ‘भाषा त्यांचं एकमेव साधन होती.’ एवढासा शब्द, पण अख्ख्या वाक्याचं तोंड फिरवतो. ‘भाषा ही संवादाचं साधन आहे’ असंही लोक बोलतात. मला ते चूक वाटत नाही. तिथे ‘ही’ म्हणजे ‘भाषा’वर दिलेला जोर असतो, पुढच्या नामाशी बांधलेली गाठ नव्हे. लिहिताना मी स्वतः ‘हे’ निवडतो.

माणूस आला की हा नियम बराचसा थांबतो. ‘माझी बहीण आमचा मोठा आधार होती’ असंच आपण म्हणतो. सर्वनाम आणलं तरी ‘ती आमचा आधार होती’, ‘तो आमचा आधार होता’ नव्हे. ‘तो’ म्हटलं की ऐकणारा दुसराच कुणी पुरुष शोधू लागतो. समोरची एक व्यक्ती ठरलेली असेल, तर तिचं लिंग पुढच्या नामावर मात करतं. माणूस समूह म्हणून आला की मात्र पुन्हा सैल होतं; ‘स्त्री हा समाजाचा अर्धा भाग आहे’ हे वाक्य कुणाला खटकत नाही.

आणखी एक मर्यादा. सर्वनामाला प्रत्यय लागला की पुढच्या नामाची ओढ तुटते. ‘याला चूक म्हणतात’, ‘याला अपमान म्हणतात’, ‘याला दुर्दैव म्हणतात’; तिन्हीकडे ‘याला’च. ‘हिला चूक म्हणतात’ असं कुणी म्हणत नाही. पण चूक असं नाव एकदा दिलं, की पुढच्या वाक्यात दोन वाटा मोकळ्या होतात. ‘ही मोठी चूक होती आणि तिचे परिणाम त्यांना भोगावे लागले’ यात ‘तिचे’ हे चुकीबद्दल. ‘त्याचे परिणाम’ म्हटलं तर ते उत्तर न देण्याबद्दल. दोन्ही बरोबर.

आता ‘ही कारणं’. तिथे मी काही बदलणार नाही. ‘हे’ दोन जागी येतं: नपुंसकलिंगी एकवचनात, जसं हे कारण, आणि पुल्लिंगी अनेकवचनात, जसं हे मुद्दे. ‘ही’सुद्धा दोन जागी येतं: स्त्रीलिंगी एकवचनात, ही अडचण, आणि नपुंसकलिंगी अनेकवचनात, ही कारणं. स्त्रीलिंगी अनेकवचनाला ‘या’ आहे: या अडचणी. गोंधळ होतो तो या तिरप्या वाटणीमुळे. ‘हे मुद्दे’ ऐकून ‘हे’ म्हणजे अनेकवचन असं डोक्यात बसतं. त्यात ‘कारणं’चा शेवट ‘येणं’सारखा दिसतो, म्हणून ‘हे कारणं’ जिभेवर येतं. विशेषण घालून पाहा. ‘खरं कारणं’ असं तुम्ही म्हणणार नाही, ‘खरी कारणं’च म्हणाल. त्या ‘खरी’च्या जोडीला ‘ही’. आणि माझं वाक्य होतं, ‘पाऊस, गर्दी आणि आळस, ही उशिराची कारणं.’ मागे दोन पुल्लिंगी आणि एक स्त्रीलिंगी नाम, नपुंसकलिंगी एकही नाही. तरी ‘ही’ आलं ते पुढच्या ‘कारणं’मुळे, म्हणजे लिंगाबरोबर वचनही पुढूनच येतं.

तुमची एक गोष्ट मात्र मान्य. ‘सर्वनाम ज्या नामाबद्दल येतं त्याचं लिंग घेतं’ हे मी लेखात ज्या थाटात लिहिलं, त्यावरून वाचणारा मागचंच नाम शोधणार. तुम्ही नेमकं तेच केलंत, आणि त्यात दोष माझा. ते वाक्य आज बदललं आहे. ‘ही चूक होती, पण तो अपमान नव्हता’ तसंच ठेवलंय.