दाजींचं लायसन २०३१ पर्यंत आहे

दाजींच्या मते लायसन म्हणजे एक फोटो आणि एक तारीख. फोटो कायम वाईट येतो, तारीख कायम लांबची असते, त्यामुळे दोन्हीकडे बघायचं काही कारण नसतं. कार्ड पाकिटात, पाकीट मागच्या खिशात, आणि मागचा खिसा पिकअपच्या सीटवर. बसून बसून कार्डाला थोडा बाकही आलेला आहे.

यंदा मात्र त्यांना कार्ड बाहेर काढावं लागलं. पिकअपवर भागत नाही म्हणून त्यांनी एक जुना सहाचाकी ट्रक बघून ठेवला होता, आणि विम्याच्या माणसाने लायसनचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले. त्याला पाठवण्याआधी ते माझ्याकडे आले. घरात बारीक अक्षर वाचायचं खातं माझ्याकडे आहे. औषधाच्या पट्टीवरची एक्स्पायरी, वीजबिलाची मागची बाजू, वॉरंटी कार्डाची तळटीप, सगळं शेवटी माझ्यापुढेच येतं.

"वाचायचं काही नाही त्यात, पाहुणं. २०३१ पर्यंत आहे. फक्त फोटो नीट आलाय का बघा."

फोटो नीट आला होता. त्यात दाजींचा अंगठाही फार सुरेख आला होता. कार्डाच्या कडेवरचा बराच मजकूर त्या अंगठ्याखाली होता. आता ताईच्या नवऱ्याला 'अंगठा काढा' असं तोंडावर कसं म्हणायचं? मी म्हटलं, "दाजी, कार्डच द्या ना जरा, उजेडात बघतो."

अंगठ्याखाली दुसरी तारीख होती. NT समोर १७-०६-२०३१ आणि TR समोर ११-०२-२०२२.

"हे काय आता? एका कार्डाला दोन तारखा?"

दोनच नव्हेत, जास्त असतात. NT म्हणजे घरगुती, बिगरधंद्याची वाहनं आणि TR म्हणजे ट्रान्स्पोर्ट, धंद्याची वाहनं. दोन्ही तारखा एकाच माणसाच्या असल्या तरी एकमेकींशी बोलत नाहीत. TR संपली म्हणून स्कूटर आणि कार बंद पडत नाही, आणि NT २०३१ पर्यंत आहे म्हणून ट्रक चालू राहत नाही. आपण आपले जी लांबची असेल ती लक्षात ठेवतो. माणूस आशावादी असतो, विशेषतः रांगेत उभं राहायचं नसेल तेव्हा.

दाजींना हिशेब पटेना, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. दाजींचा जन्म १९७९ चा, पहिलं लायसन जून २००१ चं. तेव्हाच्या नियमात साधं लायसन वीस वर्षं किंवा पन्नाशी, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालायचं. वीस वर्षं आधी आली, २०२१ मध्ये. तोवर २०१९ ची कायदादुरुस्ती होऊन बसली होती. तिच्या हिशेबाने नूतनीकरणाच्या वेळी वय तीस ते पन्नासच्या मध्ये असेल तर दहा वर्षं मिळतात. दाजी बेचाळीस, म्हणून २०३१. तिशीच्या आतल्याला चाळिशीपर्यंत, पन्नास ते पंचावन्नमधल्याला साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षांचे हप्ते.

यातल्या साठीपर्यंतच्या नियमाने दाजींच्या थोरल्या वहिनींचा घात केला. त्या कार्ड दाखवताना जन्मतारखेवर बोट ठेवतात. पण नूतनीकरण पन्नाशी उलटल्यावर केलेलं, म्हणजे NT ची तारीख साठीला टेकलेली. ती वाचून घरच्या पोरांनी वजाबाकी केली. तेव्हापासून वहिनी दोन बोटं ठेवतात.

TR ची गोष्ट निराळी. तिला वयाशी देणंघेणं नाही. दाजींनी ती फेब्रुवारी २०१९ मध्ये वाढवून घेतली होती, म्हणजे दुरुस्तीच्या आधी. तेव्हा तीन वर्षं मिळायची, आता पाच मिळतात. तीन वर्षं २०२२ मध्ये संपली. मधल्या काळात NT चं काम झालं, नवं कार्ड घरी आलं, आणि २०३१ हा आकडा बघून दाजी निश्चिंत झाले.

"म्हणजे चार वर्षं मी पिकअप बेकायदा चालवतोय?" दाजींचा चेहरा उतरला. आतून ताईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

इथे मला सुप्रीम कोर्ट उपयोगी पडलं. कार्ड उलटं केलं. मागे तक्ता असतो, वाहनाचा प्रकार आणि तो कधी मिळाला त्याची तारीख. दाजींच्या तक्त्यात तीन ओळी होत्या. MCWG, म्हणजे गिअरची मोटरसायकल. LMV, म्हणजे हलकं वाहन. आणि TRANS, म्हणजे ट्रान्स्पोर्टचं वाहन. आता हलकं म्हणजे किती हलकं, हे गाडीच्या तोंडाकडे बघून ठरत नाही. माल वाहणाऱ्या गाडीचं भरलेलं एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर ती कायद्याच्या व्याख्येत हलकीच. ते वजन लायसनवर नसतं, आरसीवर असतं. दाजींच्या पिकअपच्या आरसीवर २,९५० होतं. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगून टाकलं की LMV चं लायसन असलेल्याला या वजनातली मालवाहू गाडी चालवायला ट्रान्स्पोर्टची वेगळी नोंद लागत नाही. त्याआधी वर्षानुवर्षं विमा कंपन्या अपघाताच्या दाव्यांत नेमकं याच नोंदीवर बोट ठेवून कोर्टात भांडत होत्या.

"म्हणजे आपलं बरोबरच होतं!" दाजी एकदम ताठ बसले. जणू तो खटला त्यांनीच चालवला होता. भांडी पुन्हा वाजू लागली.

"फक्त सिलिंडर नेऊ नका," मी म्हटलं.

भांडी पुन्हा थांबली. दाजींनी विषय बदलायचा प्रयत्न केला, त्यावरून काय ते कळलं.

त्या निकालाने सूट दिली ती साध्या मालाला. गॅस, पेट्रोल, अ‍ॅसिड असा धोकादायक माल असेल तर गाडी केवढीही असो, लायसनवर तशी वेगळी नोंद लागते. कार्डाच्या मागे 'हॅझार्डस' म्हणून जागा असते आणि तिला स्वतःची मुदत असते. दाजींची ती जागा कोरी होती. ती भरायची तर तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र, मग तीन वर्षांची मुदत, आणि प्रत्येक नूतनीकरणाला पुन्हा एक दिवसाची उजळणी. शेजारी 'हिल' अशीही एक कोरी जागा होती. ती बघून दाजींनी हळू आवाजात विचारलं, "घाटात पण जायचं नव्हतं का?" ती नोंद उत्तराखंडासारख्या डोंगरी राज्यात धंद्याची गाडी चालवणाऱ्यांकडे मागतात, हे ऐकल्यावर त्यांचा श्वास खाली बसला.

मग आला मूळ मुद्दा, म्हणजे ट्रक. जुन्या मालकाने पाठवलेल्या आरसीवर एकूण वजन १६,२०० किलो. इथे LMV चा काही इलाज चालत नाही. इथे TRANS हवं आणि TR ची तारीख जिवंत हवी. TRANS ही ओळ तक्त्यात ठळक छापलेली आहे, पण तिचा प्राण समोरच्या बाजूला असतो, आणि तो २०२२ मध्ये गेलेला होता. मला वाटतं, फसगत होते ती इथेच. मागे प्रकार वाचला की माणसाला वाटतं झालं काम. प्रत्येक ओळ वाचून कार्ड पुन्हा उलटायचं आणि तिची मुदत NT मध्ये मोडते की TR मध्ये ते बघायचं, एवढी कसरत कोणी करत नाही.

"रिन्यू करू की. संपल्यावर महिनाभर सवलत असते, आणि पाच वर्षांपर्यंत नुसत्या दंडावर होतं," दाजी म्हणाले. ही माहिती त्यांना टपरीवर मिळाली होती. दोन्ही नियम खरे होते, फक्त २०१९ पर्यंत. महिन्याची सवलत त्या दुरुस्तीने काढली आणि पाच वर्षांचं एक वर्ष केलं. आता मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो, नंतर वर्षभर करता येतो, आणि त्याहून उशीर झाला की गाडी चालवायची परीक्षा पुन्हा. टपरीवर मात्र दुरुस्त्या पोचत नाहीत, चहाच पोचतो.

"पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी. माझी परीक्षा?"

"आणि डॉक्टरचा दाखला पण. फॉर्म वन-ए."

"तो कशाला?"

"ट्रान्स्पोर्टला लागतोच. आणि तसाही चाळिशीनंतर लागतो."

चाळिशी हा शब्द दाजींना परीक्षेपेक्षा जास्त लागला असावा, कारण ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेवढ्यात भाचा आला. वय एकोणीस. बापाची परीक्षा आहे म्हटल्यावर त्याला उत्साह आला. "मामा, मग माझ्याच लायसनवर TRANS चढवू. माझं लायसन दीड वर्ष जुनं आहे!" त्याने कार्ड पुढे केलं. पहिल्यांदा दिल्याची तारीख खरोखर दीड वर्षापूर्वीची होती. पण ती मोटरसायकलची. तक्त्यात LMV च्या ओळीसमोर चार महिन्यांपूर्वीची तारीख होती, आणि ट्रान्स्पोर्टच्या शिकाऊ लायसनसाठी वर्ष मोजतात ते तिथून. शिवाय वयाची वीस पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे त्याला दोन दारं बंद होती आणि दोन्हींच्या किल्ल्या कॅलेंडरकडे. तो बाईकची किल्ली फिरवत निघून गेला.

राहिले दाजी. सारथीच्या पोर्टलवर अर्ज भरला, डॉक्टरने डोळे तपासले, परीक्षेची तारीख मिळाली. परीक्षा ज्या प्रकारच्या गाडीची, त्याच प्रकारची गाडी आपणच घेऊन जायची. ट्रक ठरलेला होता, मालक द्यायलाही तयार होता. पण तो ट्रॅकपर्यंत न्यायचा कोणी? दाजींना तर तोच चालवता येत नव्हता म्हणून परीक्षा होती. शेवटी त्यांच्या ओळखीचा एक जुना ड्रायव्हर यायला कबूल झाला. सकाळी सातला तो दारात हजर. तीस वर्षं ट्रकवर काढलेला माणूस, दाजींनी वाकून नमस्कार करावा असा.

दाजींनी नमस्कार केला आणि हात पुढे केला. "कार्ड बघू. आणि अंगठा काढा जरा."