काउंटरवरचा क्यूआर : फॉलोअर मिळेल, पण असा नाही

"दुकानदारांनो, पेमेंटच्या क्यूआरशेजारीच इन्स्टाग्रामचा क्यूआर चिकटवा. खाली लिहा : फॉलो करा, गूगलवर पाच स्टार द्या आणि बिलावर १० टक्के सूट मिळवा. स्कॅन करायची सवय आता सगळ्यांनाच आहे. खर्च शून्य, महिन्यात हजार फॉलोअर्स!"

हा मेसेज कोथरूडला फराळाचं दुकान चालवणाऱ्या आमच्या वहिनींपर्यंत पोचला आणि त्या पाटी छापायला निघाल्या, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी पाच स्टार. सूट, पैसे किंवा फुकट वस्तू देऊन मिळवलेले रिव्ह्यू चालणार नाहीत, असं गूगल मॅप्सच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. असे रिव्ह्यू काढले जातात. शिवाय दुकानाच्या प्रोफाइलवर नवे रिव्ह्यू काही काळ बंद होऊ शकतात आणि जुने, खरे रिव्ह्यूसुद्धा तेवढा काळ दिसेनासे होऊ शकतात. आणि वहिनी पुरावा स्वतःच छापून काउंटरवर लावणार!

शून्य खर्चाचंही बघू. ४०० रुपयांच्या बिलावर २० टक्के नफा धरला तर सुटतात ८०. दहा टक्के सूट दिली की त्यातले ४० गेले, तेही पूर्ण पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला. बरं, सूट मिळाली की फॉलो करत राहायचं कारणच उरत नाही. पायरी उतरता उतरता अनफॉलो. फॉलो करायचं कारण पुढे उपयोगी पडणारं हवं. 'चकलीचा ताजा घाणा कधी निघणार ते इथे कळेल' एवढी ओळ पुरते. मात्र मग घाणा निघाला की स्टोरी टाकायलाच हवी. हातात काही द्यायचंच असेल तर दोन चकल्यांची पुडी द्या, सूट नको.

राहिली जागा. पेमेंटचा कोड upi:// ने सुरू होतो, इन्स्टाग्रामचा https:// ने. दोन्ही शेजारी असले की गिऱ्हाईक पेमेंट अ‍ॅपनेच चुकीचा कोड स्कॅन करतं, 'इनव्हॅलिड क्यूआर' येतं आणि संध्याकाळच्या गर्दीत रांग अडते. फॉलोचा कोड पिशवी हातात देता त्या टोकाला ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा : 'पैसे भरण्यासाठी नाही. कॅमेऱ्याने स्कॅन करा.' पैसे भरून झाले, सामान बांधलं जातंय, फोन अजून हातात आहे. विचारायची वेळ तीच.

स्कॅन करायची सवय पुण्यात भाजीवाल्यापासून सगळ्यांना लागली आहे, एवढं मेसेजमधलं खरं मानतो.

कोड अ‍ॅपमधल्या 'शेअर प्रोफाइल'मधून घ्या, फुकट मिळतो. काही वेबसाइटवर बनवलेले कोड ट्रायल संपली की बंद पडतात आणि छापलेली पाटी वाया जाते. सहा सेंटिमीटरचा चौकोन, भोवती पांढरी कड, आणि मॅट लॅमिनेशन. चकचकीत असेल तर ट्यूबलाइटच्या झळाळीत कोड वाचला जात नाही. पाटी लावली की दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा, दुकानातले दिवे लावून.