बुकिंग सापडत नसेल, तर हे अवश्य करावे

गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापुरात खोली हवी असेल, तर अ‍ॅपवर ‘पैसे हॉटेलवर देऊ’ हा पर्याय निवडावा आणि त्यानंतर हॉटेलला एकही फोन करू नये. एक पैसाही आगाऊ न दिलेल्या पाहुण्यासाठी खोली राखून ठेवायची आणि दारात रोख घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाईकाला परत पाठवायचे, एवढा त्याग लॉजमालक सहज करतात, यावर आपली श्रद्धा असावी.

समजा, बुकिंग १३ जानेवारीच्या रात्रीचे आहे, पुण्याहून निघालेली गाडी रखडली आहे आणि आपण रात्री एक वाजता सातरस्त्याजवळच्या एका काउंटरसमोर सहकुटुंब उभे आहात. ‘‘तुमच्या नावाचं काहीच दिसत नाही साहेब, अन् हॉटेल तर फुल्ल आहे.’’ हे ऐकताच आवाज चढवावा. त्याने १३ तारखेची यादी पाहिली की १४ची, हे मात्र विचारू नये. मध्यरात्रीनंतर संगणकाची तारीख पुढे सरकलेली असू शकते आणि दिवसाचा हिशेब बंद करताना न आलेल्या पाहुण्यांवर ‘नो-शो’ असा शेरा पडून त्यांची नावे आजच्या यादीतून गेलेली असू शकतात. बुकिंग पत्नीच्या नावावर आहे, हेही सांगू नये. अ‍ॅपवरचा क्रमांक मोठ्याने वाचत राहावे, कारण हॉटेलच्या वहीत क्रमांक वेगळाच असण्याचा संभव असतो. अ‍ॅपवरून आलेली बुकिंगे हॉटेलला ज्या वेगळ्या लॉगिनमधून दिसतात, ते उघडायला सांगणे तर शुद्ध आगाऊपणा होय. त्याचा पासवर्ड बहुधा दिवसपाळीच्या मॅनेजरकडे असतो आणि त्यांची झोपमोड करणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

आता खरी कसोटी. काउंटरवरचा मुलगा अत्यंत आपुलकीने म्हणेल, ‘‘तुम्हीच अ‍ॅपवरून कॅन्सल करून टाका, म्हणजे काही कापलं जाणार नाही.’’ लगेच करावे. काही हट्टी माणसे इथे अडून बसतात. ती काउंटरवरूनच अ‍ॅपच्या मदत क्रमांकावर फोन लावतात, फोन त्या मुलाच्या हाती देतात, नकार हॉटेलचा आहे अशी नोंद करवून घेतात आणि त्याच दर्जाची दुसरी खोली व भाड्यातला फरक मागतात. बरोबरीने नकार लेखी मागून, तो न मिळाल्यास काउंटरचा वेळेसह फोटोही काढून ठेवतात. आपण मात्र बटण दाबावे, रिक्षाने एसटी स्टँडकडे जावे आणि मिळेल ती खोली मिळेल त्या भावाने, पावती न मागता घ्यावी.

सकाळी अ‍ॅपवाल्यांना फोन केल्यावर ते नम्रपणे सांगतील की बुकिंग रात्री १ वाजून १० मिनिटांनी आपणच रद्द केले आहे, त्यामुळे पर्यायी खोलीचा प्रश्नच उद्भवत नाही. मग ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्यांनी पुरावा मागितलाच, तर रिक्षावाल्याचे वर्णन सविस्तर सांगावे.