‘होनिंग’, ‘वोनिंग’ आणि प्रायमिंगची मर्यादा: एका प्रतिक्रियेला उत्तर

“‘कापितेइन’च्या प्रयोगाने कोहोर्ट प्रारूप सिद्ध होते असे आपण लिहिले आहे. पण तोच निष्कर्ष आंतरक्रियात्मक सक्रियणालाही सहज जमतो. मग प्रायमिंगने नेमके काय ठरते?”

आपला आक्षेप मला मान्य आहे. ऐकलेला शब्द मन कसा ओळखते याची कोहोर्ट आणि आंतरक्रियात्मक सक्रियण ही दोन प्रतिस्पर्धी प्रारूपे आहेत, आणि प्रायमिंग म्हणजे ऐकलेल्या शब्दामुळे त्याच्याशी संबंधित शब्द ओळखण्याला गती मिळणे. त्या परिच्छेदात मी हात सैल सोडला. त्स्वित्सरलूड यांच्या १९८९च्या डच प्रयोगात ‘कापितेइन’ (कप्तान) आणि ‘कापिताल’ (भांडवल) या शब्दांचा समान आरंभ ऐकताना, पडद्यावर आलेल्या जहाजाशी आणि पैशाशी निगडित अशा दोन्ही शब्दांबाबत ‘हा खरा शब्द आहे का’ हा निर्णय जलद झाला. आरंभ जुळणारे अनेक शब्द एकाच वेळी जागे होतात हे दोन्ही प्रारूपे मानतात, त्यामुळे हा निकाल त्यांच्यात निवड करू शकत नाही.

निवड करायची तर आरंभ बिघडवावा लागतो. १९७८च्या मूळ कोहोर्टमध्ये पहिला ध्वनी जुळला नाही की शब्द यादीतच येत नाही. १९८६च्या ‘ट्रेस’ या आंतरक्रियात्मक सक्रियणाच्या प्रारूपात मात्र पुढचे ध्वनी जुळत गेले, तर तो उशिरा का होईना थोडा जागा होतो. मार्सलेन-विल्सन आणि त्स्वित्सरलूड यांनी ‘होनिंग’ (मध) ऐकवून ‘मधमाशी’वरचा वेग पाहिला आणि त्याऐवजी ‘वोनिंग’ (घर) किंवा निरर्थक ‘फोनिंग’ ऐकवले. या दोन्हींनी ‘होनिंग’सारखा भक्कम परिणाम दाखवला नाही. हे कोहोर्टच्या पथ्यावर पडले खरे, पण १९९३मध्ये कनाइन आणि सहकाऱ्यांना असे आढळले की आरंभीचा ध्वनी एखाद-दुसऱ्या उच्चारलक्षणानेच बदललेला निरर्थक शब्दही मूळ शब्दाशी संबंधित शब्दाला गती देतो, आणि फरक मोठा झाला की ती गती ओसरते. मूळ कोहोर्टचा कठोर नियम यापुढे टिकत नाही. मात्र १९८७च्या सुधारित कोहोर्टने थोडा बेमेल सहन करण्याची मुभा आधीच ठेवली होती, म्हणून पेच पुन्हा उरतोच.

माझ्या मते खरी कसोटी शब्दांच्या आपसांतील दडपणुकीची आहे, कारण ती ‘ट्रेस’मध्ये आहे आणि कोहोर्टमध्ये नाही. मराठीत मांडायचे तर ‘डाळ’ऐवजी ‘टाळ’ ऐकवून ‘वरण’ दाखवावे आणि ‘दूध’ऐवजी निरर्थक ‘तूध’ ऐकवून ‘गाय’ दाखवावी. दोन्हीकडे फरक फक्त घोषत्वाचा, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाचा आहे, परंतु ‘टाळ’ हा स्वतःच शब्द असल्यामुळे ‘ट्रेस’नुसार तो ‘डाळ’ला दाबेल आणि ‘वरण’ची गती ‘गाय’पेक्षा कमी वाढेल, कोहोर्टनुसार, ध्वनिसाम्य सारखेच असताना, असा फरक पडायला नको. (अर्थात प्रत्येक जोडीची तुलना तिच्या असंबद्ध शब्दाशीच करावी लागेल, कारण ‘वरण’ आणि ‘गाय’ यांचा मूळचा वेगच सारखा नसणार.)

‘वोनिंग’ आणि ‘फोनिंग’ यांच्यात ठळक भेद दिसला नाही, हा दडपणुकीविरुद्धचा पुरावा म्हणून मी वापरणार नाही. दोन्हींची गती शून्याजवळ असेल, तर एकीतून आणखी काही वजा होताना दिसायला जागाच उरत नाही. आधी निरर्थक शब्दाने स्पष्ट गती मिळाली पाहिजे, तेव्हाच खऱ्या शब्दाने ती घटली की नाही हे मोजता येते.