टेबलात बरोबर, पेशंटमध्ये चूक: हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन आणि डेक्साचं गणित

"डॉक्टर, स्टेरॉइडच्या गोळ्या टेबलातला बरोबरीचा आकडा बघून बदलू नका हा तुमचा लेख वाचला. उगाच घाबरवताय असं वाटलं. माझं चिकोडीकडं मेडिकल आहे, हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम = प्रेडनिसोलोन ५ = डेक्सामेथासोन म्हणजे डेक्सा ०.७५ हे सगळ्यांना पाठ आहे. एक गोळी नाही मिळाली तर डॉक्टरांना विचारून हिशोबानं दुसरी दिली, त्यात काय बिघडलं?"

दादा, आकडे तुमचे बरोबर आहेत आणि डॉक्टरांना विचारता हे त्याहून चांगलं. दमा, सांधेदुखी, ॲलर्जी असल्या पेशंटमध्ये हा हिशोब बऱ्यापैकी चालतो पण, आणि म्हणूनच तो सगळीकडं चालतो असं वाटायला लागतं. पण हे टेबल बनलंय सूज कमी करण्याच्या ताकदीवर. मीठ धरून ठेवायची ताकद त्यात मोजलेलीच नाही. हायड्रोकॉर्टिसोन शरीरातल्या कॉर्टिसॉलसारखंच असल्यामुळं किडनीला मीठ धरायला लावतं, प्रेडनिसोलोनचा जोर त्यात कमी, आणि डेक्साचा जवळजवळ शून्य.

माझ्याकडं आलेला एक पेशंट सांगतो. खानापूर भागातले शेतकरी, वय पन्नाशीच्या आसपास, जुन्या टीबीनं कॉर्टिसॉल बनवणाऱ्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी गेलेल्या, म्हणजे ॲडिसनचा आजार. मिरजेला निदान झालेलं. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १०, दुपारी ५, संध्याकाळी ५, रोजचे २०. सोबत मीठ धरून ठेवणारी गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, लिहिलेली होती पण ती इकडं कुठं मिळंना म्हणून मागेच सुटलेली, आणि भाकरीसोबत मीठ-ठेचा जास्त खाऊन कसंबसं भागत होतं. मग हायड्रोकॉर्टिसोन पण संपली, आणि कुणीतरी टेबल बघून डेक्सा ०.५ ची दीड गोळी सकाळी एकदा असं लिहून दिलं. ०.७५ झाले, तुमच्या हिशोबात चूक नाही.

दहा-बारा दिवसांनी घरच्यांनी आणलं तेव्हा उलट्या चालू होत्या, उठून बसलं की डोळ्यापुढं अंधारी. झोपवून बीपी ११०/७०, उभं करून तीन मिनिटांनी बघितलं तर ८४/५६. सोडियम १२६, पोटॅशियम ५.७. बायको म्हणाली, "रात्री उठून मिठाचे खडे चघळत बसतात ओ". त्या एका वाक्यावरच निम्मं निदान झालं.

झालं काय ते बघा. ॲडिसनमध्ये कॉर्टिसॉलसोबत मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन पण गेलेलं असतं, तेव्हा हायड्रोकॉर्टिसोनच्या त्या २० मध्ये जे थोडं मीठ धरलं जात होतं तेवढाच आधार उरला होता, तो डेक्सानं काढून घेतला. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० चं इंजेक्शन दिल्यावर दोन दिवसात माणूस उठून चहा मागायला लागला. त्या काळात फ्लुड्रो वेगळी द्यावी लागली नाही, कारण हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला ५० च्या वर गेलं की मिठाचं काम तेच भागवतं. डोस परत २० वर आणताना मात्र फ्लुड्रो ०.१ चालू केली, आणि ती शोधून आणायला माणूस पाठवला.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त खटकते. तेच ०.७५ डेक्सा मिठाला कमी पडलं, पण बाकीच्या शरीराला बहुतेक जास्तच झालं. रोजच्या कमतरतेची भरपाई म्हणून ०.२५ ते ०.५ पुरतं असं धरतात, कारण डेक्साचा असर ३६ ते ७२ तास राहतो, हायड्रोकॉर्टिसोनचा ८ ते १२ आणि प्रेडनिसोलोनचा १२ ते ३६. एक डोस उतरायच्या आधी दुसरा पडतो, रात्री शरीराला जी विश्रांती मिळायला हवी ती मिळतच नाही, झोप जाते, साखर वाढते, महिनोनमहिने चाललं तर वजन वाढतं आणि हाडं ठिसूळ होतात. म्हणून हायड्रोकॉर्टिसोनचे दोन-तीन भाग करून देतात, ते बघून डेक्साचे पण तीन भाग करायचे नाहीत.

उलटं बदलतानाही डोळा ठेवा. डेक्सा ६ दिसायला छोटा आकडा, पण तो प्रेडनिसोलोन ४० च्या बरोबरीचा. कोविडमध्ये दहा दिवसांपर्यंत जो डोस द्यायचे तो हाच.

मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजारामुळं कॉर्टिसॉल कमी असेल तर अल्डोस्टेरॉन बहुधा शाबूत असतं, तिथं डेक्सानं मीठ असं जात नाही. मग नुसत्या गोळीच्या नावावरून तुम्हाला कसं कळणार? काउंटरवर एवढंच विचारा, ही गोळी कशासाठी चालू आहे आणि सोबत फ्लुड्रो आहे का. "ग्रंथी गेल्यात" किंवा "ॲडिसन" म्हणाले तर डॉक्टरांना फोन करताना टेबलातला आकडा नंतर सांगा, आधी हे सांगा. हायड्रोकॉर्टिसोन खरंच मिळत नसेल तर अशा माणसाला प्रेडनिसोलोन ५ डेक्सापेक्षा बरं, पण फ्लुड्रो सोबत हवीच. आणि दुसरी गोळी हातात येईपर्यंत एक दिवस पण रिकामा जाऊ देऊ नका, निपाणी, कोल्हापूर, बेळगाव कुठूनही मागवा.