डिस्काउंटेड पेबॅक काय मोजतो आणि काय सोडून देतो

> "साध्या पेबॅकमध्ये एकच खोट आहे, ती म्हणजे त्यात पैशाचे कालमूल्य धरत नाहीत. डिस्काउंटेड पेबॅक काढला की ती खोट जाते. ज्या प्रकल्पाचा डिस्काउंटेड पेबॅक कमी, तो निवडायचा. त्यात जोखीम आली, रोखतेचा विचारही झाला, आणि पेबॅक प्रकल्पाच्या आयुष्यात बसला की प्रकल्प फायद्याचा आहे हे सिद्धच झाले. एनपीव्ही वेगळा काढायची गरज नाही."

वरचा दावा अनेकदा ऐकू येतो; तो कितपत टिकतो ते पाहू. पेबॅक म्हणजे गुंतवलेला पैसा परत यायला लागणारा काळ; डिस्काउंटेड पेबॅकमध्ये उशिरा येणाऱ्या रुपयाची किंमत आजच्या रुपयापेक्षा कमी धरून तो काढतात. आधी आकडेमोड नीट करून घेऊ, कारण पुढचे बहुतेक आक्षेप तिच्यातूनच निघतात. समजा, एका लहान कारखानदाराकडे गुंतवायला १० लाख रुपये आहेत आणि भांडवलावर त्याला वर्षाला किमान १० टक्के परतावा हवा आहे. पहिला पर्याय म्हणजे एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या कामासाठी घ्यायचे यंत्र. त्यातून पहिली तीन वर्षे ४ लाख रुपये सुटतील, चौथ्या वर्षी काम आटोपत येईल आणि १ लाख मिळेल, त्यानंतर काही नाही. दुसरा पर्याय म्हणजे छतावर साधारण २० किलोवॅटचा सौर संच, ज्यामुळे विजेच्या बिलात वर्षाला २ लाख रुपये वाचतील आणि जो २० वर्षे चालेल. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अवास्तव नाहीत.

डिस्काउंटेड पेबॅकसाठी प्रत्येक वर्षाच्या रोख प्रवाहाला १.१० च्या त्या-त्या वर्षाइतक्या घाताने भागायचे, म्हणजे त्याचे वर्तमान मूल्य मिळते, आणि मग ती मूल्ये गुंतवणुकीतून एकेक करून वजा करत जायचे. स्प्रेडशीटमध्ये दर `B1` मध्ये, वर्ष `A` स्तंभात आणि रोख प्रवाह `C` स्तंभात असेल, तर `=C3/(1+$B$1)^A3` एवढे सूत्र खाली ओढले की काम होते. यंत्राचा तक्ता असा दिसतो:

| वर्ष | रोख प्रवाह | वर्तमान मूल्य | एकूण शिल्लक |
|---|---|---|---|
| ० | −१०,००,००० | −१०,००,००० | −१०,००,००० |
| १ | ४,००,००० | ३,६३,६३६ | −६,३६,३६४ |
| २ | ४,००,००० | ३,३०,५७९ | −३,०५,७८५ |
| ३ | ४,००,००० | ३,००,५२६ | −५,२५९ |
| ४ | १,००,००० | ६८,३०१ | +६३,०४२ |

तिसऱ्या वर्षअखेर ५,२५९ रुपये भरून यायचे राहतात. चौथ्या वर्षाच्या ६८,३०१ रुपयांशी त्यांचे प्रमाण ०.०८ येते, म्हणून उत्तर ३.०८ वर्षे. याच रीतीने सौर संचाचे उत्तर ७.२८ वर्षे येते.

या उत्तराचा नेमका अर्थ कर्जाच्या भाषेत सांगता येतो, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तो एकदा स्वतः ताडून पाहावा. यंत्रासाठी लागणारे सर्व १० लाख १० टक्के व्याजाने घेतले आणि यंत्रातून येणारा प्रत्येक रुपया त्या कर्जात भरला, तर पहिल्या वर्षअखेर ७ लाख, दुसऱ्या वर्षअखेर ३ लाख ७० हजार आणि तिसऱ्या वर्षअखेर फक्त ७,००० रुपये बाकी उरतात. या ७,००० चे आजचे मूल्य म्हणजेच तक्त्यातले ५,२५९. डिस्काउंटेड पेबॅक एवढेच सांगतो की हे कर्ज कधी फिटेल. कर्ज फिटल्यानंतर घरात काय येईल, हे त्याला कोणी विचारलेले नाही आणि तो सांगतही नाही.

यामुळे एकच खोट असल्याचे विधान टिकत नाही. कालमूल्याची दुरुस्ती होते हे मान्य, पण ती फक्त पेबॅकच्या तारखेपर्यंतच्या रकमांना लागू होते. त्यानंतरच्या रकमा साध्या पेबॅकमध्ये जशा बाहेर राहतात, तशाच इथेही राहतात. सौर संचाची शेवटची बारा-तेरा वर्षे हिशेबात कुठेच येत नाहीत. ती वर्षे आणली, आणि अकराव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायला दीड लाख खर्च येईल असे धरले, तरी निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, सुमारे साडेसहा लाख येते. यंत्राचे ते अवघे ६३,०४२ आहे. ज्याचा पेबॅक कमी तो प्रकल्प निवडावा हा नियम इथे साडेसहा लाखांवर पाणी सोडून ६३ हजार घ्यायला सांगतो.

यावर एक रास्त शंका निघते. यंत्र चार वर्षांचे आणि संच वीस वर्षांचा, मग ही तुलना बरोबरीची कशी? म्हणून यंत्राला जास्तीत जास्त झुकते माप देऊन पाहू. दर चार वर्षांनी तसेच नवे काम, त्याच भावात, लागोपाठ पाच वेळा मिळते असे समजू. तरीही वीस वर्षांचे एकूण निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १ लाख ६९ हजारच भरते. निकाल बदलत नाही.

त्या ३.०८ मधल्या ०.०८ कडेही जरा जवळून पाहायला हवे, कारण परीक्षेत तो आकडा निमूटपणे लिहिला जातो. वर्तमान मूल्य काढताना आपण प्रत्येक रक्कम वर्षाच्या शेवटी मिळते असे धरले. अपूर्णांक काढताना मात्र चौथ्या वर्षाची रक्कम वर्षभर सारखी येत राहते असे धरले. एकाच तक्त्यात दोन परस्परविरोधी गृहीतके आहेत. पैसे खरोखरच वर्षअखेर मिळत असतील, तर ५,२५९ रुपयांची तूट भरून यायला पूर्ण चौथे वर्ष जावे लागेल आणि उत्तर ४ येईल. इथे फरक जवळपास एका वर्षाचा आहे. ज्या धंद्यात हंगाम संपल्यावर एकदम पैसा हातात येतो, तिथे अपूर्णांकाला काहीच अर्थ नसतो. तिथे महिन्यांचा किंवा तिमाहीचा तक्ता मांडावा, दशांश चिन्हापुढचे आकडे वाढवून अचूकता येत नाही.

पेबॅक आयुष्याच्या आत बसला म्हणजे प्रकल्प फायद्याचा, हे विधान अर्धे खरे आहे, आणि दाव्यातला सर्वांत फसवा भाग हाच आहे. सुरुवातीला एकदाच पैसा बाहेर जातो आणि नंतर तो फक्त येतच राहतो, अशा प्रकल्पात ते खरे ठरते, कारण एकदा भरपाई झाली की पुढची प्रत्येक रक्कम बेरीज वाढवतेच. पण सगळे प्रकल्प असे नसतात. खाणीचे उदाहरण घ्या. भारतात खाण चालवणाऱ्याला खाण बंद करण्याचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि शेवटी खड्डे भरणे, उतार सुरक्षित करणे, झाडे लावणे यांवर खर्च करावा लागतो. समजा, सुरुवातीची गुंतवणूक १० कोटी, चार वर्षे दरवर्षी ४ कोटींचे उत्पन्न आणि पाचव्या वर्षी खाण बंद करण्याचा खर्च ५ कोटी आहे. १० टक्के दराने चार वर्षांच्या उत्पन्नाचे वर्तमान मूल्य १२.६८ कोटी होते, डिस्काउंटेड पेबॅक ३.०२ वर्षे येतो आणि प्रकल्प उत्तम दिसतो. पाचव्या वर्षाच्या ५ कोटींचे वर्तमान मूल्य ३.१० कोटी आहे; ते वजा केले की निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४२ लाखांच्या घरात जाते. तीन वर्षांत भरपाई करणारा प्रकल्प शेवटी तोट्याचा निघाला, आणि ते कळायला पेबॅकच्या पुढचे आकडे पाहावेच लागले. अशी शक्यता ओळखण्याची खूण सोपी आहे: रोख प्रवाहाच्या स्तंभात पहिल्या ओळीखेरीज आणखी कुठे उणे चिन्ह आहे का, ते पाहावे.

जोखमीबाबत दाव्यात गल्लत झाली आहे. पैसा उशिरा येणे आणि पैसा येण्याची खात्री नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राचे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून आहे. त्याने दुसऱ्या वर्षी काम काढून घेतले, तर ३.०८ हा आकडा कागदावरच राहतो. सूर्यप्रकाश आणि विजेचा दर यांचा अंदाज त्या मानाने कितीतरी भरवशाचा असतो. तरीही पेबॅकच्या मोजपट्टीवर यंत्र सुरक्षित आणि संच धोक्याचा ठरतो. शिवाय जोखीम दाखवायची नेहमीची जागा म्हणजे डिस्काउंटचा दर. तो जोखमीसाठी आधीच वाढवला असेल आणि वर चार वर्षांच्या आत पेबॅक हवाच अशी अटही घातली, तर एकाच जोखमीची वजावट दोनदा होते. आणि ही चार वर्षे आली कुठून, याला बहुतेक कंपन्यांत आमच्याकडे असेच चालत आले आहे यापलीकडे उत्तर नसते. डिस्काउंटच्या दराला निदान भांडवलाच्या खर्चाचा आधार असतो. पेबॅकच्या मर्यादेला तसा कोणताही आधार नाही.

रोखतेचा मुद्दा तर उलटाच आहे. रोखता म्हणजे हातात प्रत्यक्ष किती पैसा केव्हा येईल. कामगारांचा पगार वर्तमान मूल्यात दिला जात नाही. सौर संचात घातलेले १० लाख प्रत्यक्ष पाचव्या वर्षअखेर परत आलेले असतात, ७.२८ वर्षे हा रोख परत येण्याचा नव्हे, तर हव्या असलेल्या परताव्यासह मूल्य भरून येण्याचा काळ आहे. पैसा किती काळ अडकेल एवढाच प्रश्न असेल, तर साधा पेबॅक, ज्याला सगळे नावे ठेवतात, तोच अधिक थेट उत्तर देतो. डिस्काउंटेड पेबॅक इथे अधांतरी लोंबकळतो: रोखतेसाठी नको तेवढा सुधारलेला आणि फायदा मोजण्यासाठी अर्धवट.

त्याचा उपयोग कुठेच नाही असे मात्र नाही. ज्या ठिकाणी करार मध्येच रद्द होण्याची किंवा तंत्रज्ञान जुने पडण्याची भीती आहे, तिथे प्रकल्प निदान किती वर्षे टिकला पाहिजे हा प्रश्न खरा असतो आणि त्याचे उत्तर हाच आकडा देतो. करार तीनच वर्षांचा असेल आणि पेबॅक ३.०८ असेल, तर कारखानदाराला चौथ्या वर्षाच्या कामाबद्दल आधीच बोलून घ्यायला हवे.

राहिली एनपीव्ही वेगळा काढण्याची गोष्ट. वरच्या तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात अगदी खाली पाहावे: +६३,०४२. तोच एनपीव्ही आहे. डिस्काउंटेड पेबॅकसाठी जी मेहनत करायची ती सगळी झालेली असते; फक्त बेरीज शून्याच्या वर गेली की थांबायचे नाही, प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षापर्यंत ओळी भरत जायचे. स्प्रेडशीटमधील तयार फंक्शनने ताळा करताना मात्र एक काळजी घ्यावी. `NPV` हे फंक्शन दिलेल्या पहिल्या रकमेलाही एका वर्षाने डिस्काउंट करते, त्यामुळे सुरुवातीची गुंतवणूक कंसाबाहेर ठेवून `=C2+NPV(B1,C3:C6)` असे लिहावे. ती कंसात गेली, तर यंत्राचे उत्तर ६३,०४२ ऐवजी ५७,३११ येते.